गाल लाल होण्याआधीचे दहा दिवस

लालभडक गाल घेऊन जे मूल माझ्या दवाखान्यात येतं, ते बहुतेक वेळा अगदी मजेत असतं. ताप नाही, खाणंपिणं व्यवस्थित, टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढायला हात पुढे. घाबरलेली असते त्याची आई, कारण दोन्ही गालांवर कुणीतरी सणसणीत चापट मारल्यासारखा रंग चढलेला असतो आणि तोंडाभोवतीची कातडी तेवढी फिकी दिसते. मी मुलाला खिडकीपाशी नेते, सदरा काढायला लावते आणि दंडाची बाहेरची बाजू उजेडात तिरकी धरून बघते. आपल्याकडच्या सावळ्या मुलांच्या गालांची लाली कधी कधी नीट दिसतच नाही, हाताला नुसती गरम लागते. पण दंडावर आणि मांड्यांवर फिकट लाल रेघांची जाळी उठलेली सापडली, की शंका राहत नाही.

त्या मुलासाठी करण्यासारखं फारसं काही नसतं. खाज आली तर थोडं औषध, आणि आईला एक सूचना: उन्हात खेळून आला किंवा कढत पाण्यानं आंघोळ केली की ही जाळी पुन्हा उठेल, कधी कधी दोन-तीन आठवडे अशी ये-जा चालेल, त्याला नवा आजार समजू नका. एवढं झालं की मी मुलाकडून वळून आईला विचारते, “घरात कुणी गरोदर आहे का? गेल्या पंधरा दिवसांत कुणी येऊन राहून गेलं?” माझ्या दृष्टीनं या आजारातलं खरं काम इथून पुढे असतं.

एका वर्षी माघात एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं, याला घरी कुणी मारलं का. माझा प्रश्न ऐकून तिचा चेहरा उतरला. “नणंद आहे ना. पंधरावा आठवडा चाललाय. चुलत दिराच्या लग्नाला आली ती अजून इथेच आहे. हा तिच्याच कुशीत झोपतो, डॉक्टर.” त्यांचं घर सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातच, दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर. संध्याकाळी आजी, नणंद आणि भाऊ असे तिघं पुन्हा आले. मुलाला शेजारच्यांकडे ठेवून आले होते. सकाळपासून त्याला आत्याच्या खोलीत जायला मनाई होती, आणि तो दाराबाहेर बसून रडला होता.

मी आधी तेवढंच सोडवलं. हा आजार ‘पार्व्होव्हायरस बी १९’ या विषाणूमुळे होतो. त्याचा संसर्ग झाला की साधारण आठवडाभरानं तो रक्तात आणि नाका-घशात भरपूर प्रमाणात असतो. त्या वेळी मुलाला थोडी कणकण, थोडी सर्दी, एवढंच होतं, आणि पुष्कळ मुलांना तेही होत नाही. मग शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, विषाणू ओसरतो, आणि गालावर-अंगावर जे उठतं ते या प्रतिपिंडांमुळे. म्हणजे गाल लाल होतात तेव्हा मूल संसर्ग देऊन मोकळं झालेलं असतं. पसरायचं ते आधीच्या आठ-दहा दिवसांत पसरलेलं असतं. “त्याला आज आत्यापासून लांब ठेवून काहीही साधणार नाही,” मी आजींना म्हटलं. “घरी गेल्यावर त्याला तिच्या मांडीवर बसू द्या. उद्यापासून शाळेतही पाठवा.” आजींना ते पटायला वेळ लागला. अंगावर उठलेलं असताना मूल शाळेत पाठवायचं, हे गोवर-कांजिण्या पाहिलेल्या पिढीला पचणं कठीणच. गोवरात नियम नेमका उलटा असतो. तिथे पुरळ अंगावर असतानाही मूल संसर्ग देत असतं, आणि म्हणून हे निदान बघताक्षणी ठरवून टाकू नये, लस कधी टोचली, डोळे लाल आहेत का, ताप किती होता, हे विचारून घ्यावं लागतं.

मग आम्ही तारखा लावल्या. माझ्या टेबलावर कॅलेंडर असतं, त्यावर मी पेन्सिलनं खुणा केल्या. गाल लाल झाले त्या दिवसापासून मागे मोजत गेलो. लग्नाच्या हळदीच्या दिवशी मुलगा जरा किरकिरा होता, अंग कोमट होतं, हे भावाला आठवलं. तो दिवस होता नऊ दिवसांपूर्वीचा. आत्या त्याच्याही आधी तीन दिवस येऊन राहिली होती. एका खोलीत पंधरा मिनिटं एकत्र असणं किंवा समोरासमोर बसून बोलणं, एवढा सहवासही या बाबतीत पुरेसा मानतात. इथे तर एका ताटात जेवण आणि एका पांघरुणात झोप. तिला हा आजार आधी होऊन गेलेला नसेल, तर लागण होण्याची शक्यता साधारण निम्मी. आणि लागण झालीच असेल तर ती तिच्या चौदाव्या आठवड्याच्या आसपास.

“आधी होऊन गेलेला नसेल तर” या चार-पाच शब्दांवर सगळं अवलंबून असतं. मोठ्या माणसांपैकी जवळपास निम्म्यांना लहानपणी कधीतरी हा संसर्ग होऊन गेलेला असतो, पुष्कळदा कुणाच्या लक्षातही न येता, आणि एकदा झाला की बहुतेकांना जन्मभराचं संरक्षण मिळतं. आठवून सांगता येत नाही, रक्तच सांगतं. तिचं रक्त, मुलाचं नव्हे. म्हणून मुलाला सुई टोचली नाही आणि आत्याचं रक्त त्याच संध्याकाळी घेतलं. त्यात पार्व्होव्हायरसची दोन प्रतिपिंडं बघायची असतात. आयजीजी म्हणजे जुन्या संसर्गाची खूण, आयजीएम म्हणजे ताज्या. आयजीजी आहे आणि आयजीएम नाही, तर ती आधीपासून सुरक्षित, विषय संपला. दोन्ही नाहीत, तर ती असुरक्षित आहे आणि लागण झाली की नाही हे अजून कळायचं आहे. आयजीएम आहे, तर संसर्ग अलीकडचा असावा. ही तपासणी लगेच करायची असते. महिनाभर थांबून केली आणि आयजीजी सापडलं, तर ते लहानपणचं की परवाचं, याचा घोळ होऊन बसतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती मला वारंवार दिसते. आत्याच्या फाइलमध्ये ‘टॉर्च’ची तपासणी आधीच लावलेली होती, आणि भाऊ म्हणत होता, “सगळं निगेटिव्ह आहे की, मॅडम.” आपल्याकडे टॉर्च म्हणून जी तपासणी सर्रास केली जाते, तिच्यात टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही आणि हर्पिस हे असतात. पार्व्होव्हायरस त्यात बहुधा नसतो, तो वेगळा लिहून मागावा लागतो. त्या कागदावर आमच्या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं. एका गोष्टीसाठी मात्र तो कामी आला. तिचं रुबेलाचं आयजीजी पुरेसं होतं. पुरळ असलेल्या मुलाजवळ गरोदर बाई राहिली असेल तर रुबेलाचा विचार सोडून चालत नाही, मुलाचं निदान कितीही खात्रीचं वाटलं तरी.

रुबेलाच्या भीतीचं सावट या आजारावर असतं. पुण्याहून आत्याच्या सासूबाईंचा फोन आला. ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की गरोदरपणात असा पुरळाचा संसर्ग झाला तर मूल व्यंग घेऊन येतं, वेळेत पिशवी रिकामी केलेली बरी. पहिल्या तीन महिन्यांतल्या रुबेलाच्या बाबतीत ही भीती खरी आहे. तो डोळे, हृदय, कान बिघडवतो. पार्व्होव्हायरस तसं करत नाही. तो बाळाचे अवयव घडताना मोडत नाही, बाळाचं रक्त तयार होणं थांबवतो. या संसर्गासाठी म्हणून गर्भपात करायचा नसतो. मी हे फोनवर सासूबाईंना सांगितलं, आमच्या गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीनं पुन्हा सांगितलं, आणि तरीही पुढचे दोन दिवस त्या घरात तोच एक विषय होता. अशा वेळी नुसतं “काळजी करू नका” म्हणून भागत नाही. काय होऊ शकतं आणि काय होत नाही, हे दोन्ही सांगितलं तरच माणसं ऐकतात.

काय होऊ शकतं ते असं. हा विषाणू आपल्या हाडांच्या मगजात, जिथे तांबड्या पेशी तयार होतात, तिथल्या कोवळ्या पेशींमध्ये शिरतो. त्यांच्या पृष्ठभागावर ‘पी’ नावाचा एक घटक असतो, तो त्याचा दरवाजा. फार थोड्या माणसांमध्ये हा घटक जन्मतः नसतो, आणि त्यांना हा आजार होतच नाही. शिरल्यावर आठवडा-दहा दिवस तांबड्या पेशींचं उत्पादन जवळजवळ ठप्प होतं. धडधाकट मुलाला किंवा मोठ्या माणसाला ते कळतही नाही, कारण आपली तांबडी पेशी १२० दिवस जगते. टाकी भरलेली असताना नळ आठवडाभर बंद राहिला तर घरात कुणाला पत्ता लागत नाही. गर्भाचं तसं नाही. त्याच्या तांबड्या पेशी कमी दिवस जगतात, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात तर त्याच्या अंगातलं रक्त भराभर वाढत असतं. तेव्हा त्याचं यकृत रक्त बनवण्याच्या कामात गुंतलेलं असतं. नेमकं त्या वेळी उत्पादन थांबलं तर हिमोग्लोबिन घसरतं, हृदयावर ताण येतो, आणि फारच घसरलं तर पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साठतं. याला हायड्रॉप्स म्हणतात.

हे किती जणींच्या बाबतीत होतं, तेही मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. लागण झालेल्या गरोदर बायकांपैकी साधारण एक-तृतीयांश जणींच्या बाळापर्यंत विषाणू पोचतो. पहिल्या वीस आठवड्यांत लागण झालेल्या शंभरांमधल्या सुमारे दहा जणींचं बाळ दगावतं, आणि तीन-चार जणींच्या बाळाला हायड्रॉप्स होतो. वीस आठवड्यांनंतर लागण झाली तर धोका अगदी कमी. आजी म्हणाल्या, “म्हणजे शंभरात नव्वद बरी.” बरोबर होतं. पण पोरगी नव्वदात आहे की दहात, हे ओळखायची सोय आहे, आणि दहात निघाली तरी पुष्कळदा काहीतरी करता येतं, म्हणून हे सगळं मोजायचं.

पहिला अहवाल पुण्याच्या लॅबमधून तीन दिवसांनी आला. आयजीजी नाही, आयजीएम नाही. घरात आनंद झाला. निगेटिव्ह म्हणजे चांगलं, अशी आपली सवय. मला त्यांना सांगावं लागलं की हा अहवाल सुटकेचा नाही. तिला संरक्षण नाही एवढंच त्यातून कळलं. आयजीएम दिसायला संसर्गानंतर दहा-बारा दिवस जावे लागतात, म्हणून सहवासानंतर चार आठवड्यांनी पुन्हा रक्त. तोवर अंगावर पुरळ उठला, ताप आला किंवा सांधे दुखले तर लगेच कळवायचं.

ती पुण्याला परत गेली. सोळाव्या आठवड्याच्या शेवटी तिचा फोन आला. “मॅडम, सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत. मनगटं धरलीत. कणीक मळता येत नाही.” पुरळ? नाही. ताप? नाही. मोठ्या बायकांमध्ये हा आजार बहुधा असाच दिसतो. गाल क्वचितच लाल होतात. हाताचे लहान सांधे, मनगटं, गुडघे दोन्ही बाजूंनी सारखे धरतात आणि काही आठवड्यांत आपोआप सुटतात. गरोदरपणात पाठ-कंबर दुखतेच म्हणून असं दुखणं अंगावर काढलं जातं. तिनं सांगितलं म्हणून पुढची तारीख न पाहता त्याच दिवशी रक्त दिलं. आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजीसुद्धा नुकतं दिसू लागलेलं. पहिल्या अहवालात दोन्ही नव्हती आणि आता दोन्ही आहेत, ही अहवालांची जोडी हाती असल्यामुळे शंकेला जागा राहिली नाही. नुसतं एकट्यानं आलेलं आयजीएम कधी कधी फसवतं, आणि मग विषाणूचा डीएनए शोधत बसावं लागतं.

या विषाणूवर औषध नाही, लस नाही. उरतं ते पाळत ठेवणं, आणि तीही ठरावीक काळात. बाळावर परिणाम व्हायचा तर तो आईच्या संसर्गानंतर बहुधा चार-पाच आठवड्यांनी दिसतो, काही वेळा बारा आठवड्यांपर्यंत. कॅलेंडरवर आम्ही पुढच्या खुणा केल्या, अठराव्या आठवड्यापासून सव्विसाव्यापर्यंत. तिला पुण्यातल्या गर्भवैद्यक तज्ज्ञांकडे सोपवलं. पहिल्या दोन सोनोग्राफींना मी स्वतः गेले होते.

तिथे काय बघतात ते जवळून बघण्यासारखं आहे. बाळाच्या पोटात किंवा हृदयाभोवती पाण्याची काळी चकती दिसते का, हे तर बघतातच. पण पाणी दिसेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. त्याआधी मेंदूतल्या एका रोहिणीतून रक्त किती वेगानं वाहतं ते मोजतात. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी झाल्या की रक्त पातळ होतं, आणि पातळ रक्त वेगानं धावतं. डॉक्टर बाळाच्या डोक्याचा आडवा छेद पडद्यावर आणतात, कवटीच्या तळाशी रोहिण्यांचं कडं रंगीत डॉपलरमध्ये उमटतं, आणि त्यातून बाजूला फुटणाऱ्या रोहिणीच्या अगदी उगमापाशी खूण टेकवतात. किरण रोहिणीच्या सरळ रेषेतच हवा. थोडा कोन झाला तरी वेग कमी भरतो आणि खोटा दिलासा मिळतो. बाळ हलत असेल तर थांबायचं, कारण हालचालीनं वेग वाढतो. त्या दिवशी बाळ पाय झाडत होतं. डॉक्टरांनी प्रोब उचलला, आत्याला कुशीवर वळवलं, आणि बऱ्याच वेळानं ते निवांत झाल्यावर लागोपाठ तीन मोजमापं घेतली.

अठराव्या आठवड्यात वेग आला सेकंदाला २४ सेंटिमीटर. त्या वयाच्या बाळाची मध्यरेषा २३ च्या आसपास असते. मध्यरेषेच्या दीडपट झाला तर रक्त धोक्याइतकं कमी झालंय असं धरतात. म्हणजे अठराव्या आठवड्यात सुमारे ३५, विसाव्यात ३८, बाविसाव्यात ४२. एकोणिसाव्या आठवड्यात २६. विसाव्यात ३३. एकविसाव्यात ३६. तिथली दीडपट रेषा ४०. बाळाच्या पोटात पाणी नव्हतं, हृदय नीट चालत होतं, पण आकडा वर चालला होता, आणि तपासणी आठवड्याऐवजी तीन-तीन दिवसांवर आली.

तेव्हा तज्ज्ञांनी त्यांना पुढच्या पायरीची माहिती दिली. रेषा ओलांडली तर आईच्या पोटातून बारीक सुई नेऊन नाळेतल्या शिरेत टेकवायची, आधी थेंबभर रक्त काढून हिमोग्लोबिन जागच्या जागी बघायचं, आणि कमी असेल तर तिथूनच रक्त चढवायचं. ओ निगेटिव्ह गटाचं, घट्ट केलेलं, किरणोत्सारानं प्रक्रिया केलेलं रक्त. ते आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून रक्तपेढीला आधीच कळवून ठेवलं. प्लेटलेटही तयार ठेवायला सांगितल्या होत्या, कारण हा विषाणू कधी कधी त्याही खाली आणतो आणि सुईच्या जागी रक्त थांबत नाही. या उपचाराला स्वतःचा धोका आहे, म्हणून तो फक्त आकड्याच्या भीतीनं, रेषेच्या आत असताना करत नाहीत. भावाला हे कळेना. “इतकं जवळ आलंय तर देऊन टाका ना रक्त.” वाट पाहणं हाही उपचाराचा भाग असतो, हे घरच्यांना मान्य करायला लावणं सगळ्यात जड. मी त्याला एवढंच समजावलं की विषाणूचा जोर आठवडा-दोन आठवड्यांचा असतो, तो ओसरला की बाळ स्वतः रक्त बनवू लागतं, आणि स्वतःचं रक्त आपल्या हातानं चढवलेल्या रक्तापेक्षा केव्हाही बरं.

तीन दिवसांनी ३५. त्यानंतर बाविसाव्या आठवड्यात ३१. चोविसाव्यात ३२, आणि तोवर मध्यरेषाच ३१ वर आलेली होती. राखून ठेवलेलं रक्त लागलं नाही. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत तपासण्या चालू ठेवल्या आणि मग थांबवल्या.

या काळात आणखी एक प्रकार घडला. कुठूनतरी ‘पार्व्हो’ हा शब्द ऐकून घरच्यांनी पाळलेलं कुत्रं शेतावर नेऊन बांधलं. कुत्र्यांचा पार्व्हो वेगळा विषाणू आहे, तो माणसाला होत नाही, आणि माणसाचा हा कुत्र्याला होत नाही. कुत्रं परत आणवलं.

गाल लाल झाले म्हणजे संसर्ग द्यायचं संपलं, या नियमाला एक अपवाद आहे, आणि महाराष्ट्रात तो विसरून चालत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेलची मुलं आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी मुळातच थोडे दिवस जगतात, त्यामुळे या विषाणूनं उत्पादन थांबवलं की काही दिवसांत हिमोग्लोबिन कोसळतं. असं मूल पांढरंफटक पडून, धापा टाकत दाखल होतं, गाल लाल नसतात, पुरळ नसतो. आणि तेव्हा त्याच्या घशात विषाणू भरपूर असतो. त्या खाटेपाशी गरोदर परिचारिकेला किंवा पाचव्या महिन्यातल्या मावशीला बसवू नये. मुलाला रक्त चढवण्याच्या घाईत हे कुणी सांगत नाही. प्रवेशाच्या कागदावर ते पहिल्याच ओळीत लिहायला हवं, असं मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना सांगते.

आत्याला दिवस भरल्यावर मुलगी झाली. हिमोग्लोबिन १६, यकृत-प्लीहा वाढलेली नाही. दीड वर्षानं तिनं विचारलं, पुन्हा दिवस राहिले आणि भाच्याच्या शाळेत गाल लाल झालेली मुलं निघाली, तर माहेरी यायचं की नाही. मी तिला सांगितलं, बिनधास्त ये. तिच्या रक्तात आता आयजीजी आहे. फक्त ते दोन अहवाल, आधीचा निगेटिव्ह आणि नंतरचा पॉझिटिव्ह, दोन्ही फाइलमध्ये एकत्र लावून ठेव म्हटलं, म्हणजे दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.